बाळाच्या पहिल्या वर्षाचा खर्च : अंदाज कसा काढायचा?



चौथीच्या वर्गात 'अंदाज करा' हा भाग शिकवताना मी मुलांना नेहमी एक गोष्ट सांगते. बेरीज चुकली तर ती तपासून सापडते, पण यादीत एखादी वस्तू लिहायचीच राहिली तर ती कितीही वेळा तपासून सापडत नाही. ही गोष्ट मुलांना सांगणाऱ्या मीच माझ्या धाकट्या बहिणीला एक अंदाज चुकीचा सांगितला. तो होता तिच्या बाळाच्या पहिल्या वर्षाच्या खर्चाचा. आजचा लेख त्या चुकीवरच आहे, कारण ती चूक बहुतेक घरांत होते.

बहीण कराडला एका खासगी कंपनीत हिशेबाचं काम करते. हातात येणारा पगार २२,००० रुपये. तिच्या यजमानांचा २४,००० रुपये. घरभाडं, गाडीचा हप्ता, किराणा, गावाकडे पाठवायचे पैसे असा महिन्याचा खर्च ३८,००० रुपये. म्हणजे ४६,००० मधून महिन्याला ८,००० रुपये शिल्लक राहायचे.

सातव्या महिन्यात दोघांनी बसून यादी केली. कपडे आणि दुपटी, थोडे डायपर, लसी, बारसं. बेरीज साधारण ६०,००० आली आणि त्यात सर्वात मोठा आकडा लसींचा होता. बारा महिन्यांनी भागलं तर महिन्याला ५,००० रुपये. शिल्लक ८,००० आहे, मग प्रश्नच नाही! मला फोनवर विचारलं तेव्हा मीही म्हणाले, "रजा भरपगारी आहे ना, मग कशाला काळजी करतेस?"

बाळ साडेचार महिन्यांचं झालं आणि तिचा फोन आला. "ताई, रजा संपली. पण पाळणाघरवाल्या काकू सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत."

रजा बाळाच्या वयाने मोजा

खासगी नोकरीत पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ती १२ आठवड्यांवरून २६ झाली. त्यासाठी दहा किंवा अधिक माणसं कामावर असलेलं ठिकाण हवं आणि आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं हवं. २६ आठवडे म्हणजे सहा महिने, एवढं आपल्या डोक्यात पक्कं बसतं आणि इथेच फसगत होते. हे सहा महिने रजेचे असतात, बाळाचे नसतात.

यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या आधी घेता येतात आणि ते २६ मधूनच वजा होतात. बहिणीचे पाय सुजायचे, रोज स्कूटीवरून जाणं होईना, म्हणून तिने सहा आठवडे आधी रजा सुरू केली. बाळ वेळेवर झालं. २६ मधून ६ गेले, २० उरले. २० आठवड्यांचं बाळ म्हणजे साडेचार महिन्यांचं. पाळणाघर २६ आठवड्यांनंतर घेणार. मधल्या ६ आठवड्यांचं काय? तिने बिनपगारी रजा काढली.

२२,००० भागिले ३०, म्हणजे दिवसाचे सुमारे ७३३ रुपये. गुणिले ४२ दिवस. जवळजवळ ३१,००० रुपये! दोघांच्या पहिल्या यादीत या रकमेची ओळच नव्हती.

म्हणून अंदाज करायला बसाल तेव्हा पहिली ओळ डायपरची लिहू नका. एक आडवी रेघ काढा. तिच्यावर बाळाचं वय आठवड्यांत लिहा, शून्यापासून ५२ पर्यंत. मग तीन खुणा करा. भरपगारी रजा कोणत्या आठवड्यात संपते? तुमच्या जवळचं पाळणाघर बाळाला कोणत्या आठवड्यापासून घेतं? आणि घरातलं कोणी येणार असेल तर कधीपासून कधीपर्यंत? पहिल्या आणि दुसऱ्या खुणेमध्ये जी मोकळी जागा दिसेल, ती तुमच्या वर्षातली सर्वात महागडी जागा.

ही जागा कमी करता येते का? थोडीफार येते. तब्येत चांगली असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर रजा उशिरा सुरू करता येते. आधी घेतलीच पाहिजे अशी सक्ती नाही. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत मात्र कामावर बोलावता येत नाही. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याची सोय मालकाशी बोलून ठरवता येते, तीही कायद्यातच आहे. कामाच्या ठिकाणी ५० किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय मालकाने करायची असते. बहिणीच्या कंपनीत तेवढी माणसं नाहीत. पण ज्यांच्याकडे आहेत त्यांनी रजेवर जाण्याआधी लेखी विचारावं. बाळ चार महिन्यांचं झाल्यावर विचारण्यात अर्थ नसतो.

'भरपगारी' या शब्दाकडेही नीट पाहा. रजेतला पगार आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर निघतो आणि ओव्हरटाइम त्यात धरत नाहीत. ज्यांच्या पगारात ओव्हरटाइमचा वाटा मोठा आहे, त्यांनी मागची पगारपत्रकं काढून ती रक्कम वजा करूनच आकडा धरावा.

आजी येईल, हे उत्तर नाही. तोही एक हिशेब आहे

तुम्ही म्हणाल, सहा आठवड्यांसाठी सासूबाईंना का नाही बोलावलं? बहिणीच्या घरात हा विषय निघाला होता. "म्हशी कोण बघणार?" या एका वाक्यावर तो संपला. गावाकडे दोन म्हशी आहेत आणि दूध डेअरीला जातं. सासूबाईंशिवाय धार काढणारं दुसरं कोणी नाही.

नंतर आम्ही दोघी बहिणी कागद घेऊन बसलो. म्हशींसाठी रोज ३०० रुपयांनी गडी ठेवला असता तर ४२ दिवसांचे १२,६०० रुपये झाले असते. सासूबाईंचं जाणं-येणं आणि औषधं धरून १५,००० म्हणा. समोर ३१,००० गेले होते. म्हणजे निम्म्यात भागलं असतं. पण 'आजी म्हणजे फुकट' असं धरल्यामुळे आजीच्या येण्याला किती खर्च आहे हे कोणी मोजलंच नाही, आणि तिला येता येत नाही म्हटल्यावर विषयच मिटला.

आजी-आजोबांच्या येण्याचीही एक ओळ लिहा. त्यांचं कोणतं काम अडेल, त्याला किती लागतील, ते पैसे आपण देऊ का? शेतीच्या हंगामात आलेली आजी पंधरा दिवसांत परत जाते. त्यामुळे किती आठवडे येणार हे आधी विचारा आणि मगच रेघेवर खूण करा.

पाळणाघर : फी सोडून बाकीचं

कराडच्या त्या पाळणाघराची फी महिन्याला ५,५०० रुपये होती, सुरुवातीचे ३,००० वेगळे. सहा महिन्यांचे मिळून ३६,००० रुपये झाले. तुमच्या गावातला आकडा वेगळा असेल, शहरात पुष्कळ जास्त असेल. फी विचारताना आणखी तीन प्रश्न विचारा. किती महिन्यांपासून घेता? संध्याकाळी उशीर झाला तर जादा किती? बाळाला ताप असेल तर घेता का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर जवळपास सगळीकडे 'नाही' असंच येतं, आणि ते योग्यही आहे. पण पाळणाघरात जायला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत बाळाला सर्दी-ताप वरचेवर होतो. त्या दिवशी आई किंवा बाबा घरी राहणार. वर्षाची रजा तर आधीच संपत आलेली असते. बहिणीचे असे आठ दिवस बिनपगारी गेले, सुमारे ६,००० रुपये. यात बाबांच्या रजाही वाटून घ्यायला हव्यात. खासगी नोकरीत वडिलांना बाळासाठी वेगळी भरपगारी रजा देणारा कायदा नाही, म्हणून त्यांनी आपल्या नेहमीच्या रजा पहिल्या आठवड्यातच संपवू नयेत. त्यांची खरी गरज पुढे पाळणाघर सुरू झाल्यावर पडते.

लसी : सर्वात मोठा वाटणारा आकडा

बहिणीच्या पहिल्या यादीत लसींचे ३६,००० रुपये होते. सगळ्या लसी खासगी दवाखान्यात घेतल्या तर तपासणी फीसह पहिल्या वर्षाचा एवढा खर्च डॉक्टरांनी सांगितला होता. तो आकडा पाहून दोघं घाबरले होते.

सरकारी लसीकरणात काय मिळतं ते आधी पाहू. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पेंटाव्हॅलंट, रोटाव्हायरस आणि पोलिओ. पेंटाव्हॅलंट म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब या पाच आजारांवरची एक लस. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पोलिओचं इंजेक्शन आणि न्यूमोनियाची पीसीव्ही. नवव्या महिन्यात गोवर-रुबेला, पीसीव्हीचा बूस्टर, पोलिओचं तिसरं इंजेक्शन आणि जीवनसत्त्व अ. हे सगळं प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात किंवा सरकारी दवाखान्यात मोफत.

मग खासगीत जादा काय असतं? एक म्हणजे ज्याला लोक 'न दुखणारी लस' म्हणतात ती. सुई तितकीच टोचते. फरक एवढा की डांग्या खोकल्याचा घटक वेगळ्या पद्धतीने बनवलेला असल्यामुळे नंतरचा ताप आणि सूज कमी येते. दुसरं म्हणजे फ्लू आणि टायफॉइडसारख्या काही लसी, ज्या सरकारी यादीत नाहीत.

बहिणीने डॉक्टरांशी बोलून असं ठरवलं : सरकारी यादीतल्या सगळ्या लसी उपकेंद्रात घ्यायच्या, आणि फ्लूचे दोन डोस व टायफॉइडचा एक एवढंच खासगीत. खर्च साधारण ७,००० रुपये झाला. पेंटाव्हॅलंटनंतर एक रात्र ताप आला, सिस्टरने दिलेल्या औषधाने उतरला. दोन ठिकाणी लस घेताना एकच काळजी घ्या : प्रत्येक लस एकाच माता-बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या. दोन कार्डं झाली की एखादी लस दोनदा तरी होते किंवा राहून तरी जाते.

तुम्ही सगळ्या लसी खासगीत घ्यायचं ठरवलंत तर त्यातही चूक काही नाही. फक्त डॉक्टरांकडून महिन्यावार लेखी खर्च मागून घ्या. ती रक्कम वर्षभर सारखी येत नाही. पहिल्या चौदा आठवड्यांतल्या तीन फेऱ्यांना मोठा भाग जातो.

डायपर आणि दूध : दिवसाला किती, यावर सगळं

डायपरचा अंदाज पाकिटाच्या किमतीवरून काढू नका. दिवसाला किती लागणार ते ठरवा आणि गुणाकार करा. एक डायपर १२ रुपये धरला तर दिवसाला ६ प्रमाणे वर्षाचे २६,२८० रुपये. दिवसा लंगोट आणि रात्री दोन डायपर, असं केलं तर ८,७६० रुपये. मग पाळणाघर सुरू होतं आणि तिथे लंगोट चालत नाही. रोज तीन डायपर पिशवीत द्यावे लागतात. बहिणीचा वर्षाचा हिशेब त्यामुळे १४,००० वर गेला. आणखी एक, स्वस्त मिळतात म्हणून सर्वात लहान मापाची पाकिटं साठवू नका. काही आठवड्यांत ते माप लहान होतं.

दुधाचं गणित डायपरसारखंच आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हा डॉक्टरांचा सल्ला आहेच, पण त्याची पैशातली बाजूही माहीत असावी. वरच्या दुधाची पावडर साधारण ३० मिली पाण्याला एक सपाट मोजमाप चमचा अशी असते. बाळ दिवसाला पाऊण लिटर पिणारं असेल तर ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम साडेतीन दिवस पुरतो. ४५० रुपयांचा डबा धरला तर महिन्याला ३,६०० ते ४,००० रुपये झाले. बहिणीने पाळणाघरात रोज एकच वेळ पावडरचं दूध ठेवलं, त्याला महिन्याला दोन डबे, ९०० रुपये लागले. डबा पुरवायचा म्हणून पाणी कधीही वाढवू नका. दूध पातळ झालं की बाळाचं वजन वाढायचं थांबतं आणि त्याचं दुखणं डब्यापेक्षा महाग पडतं.

शेवटची बेरीज

दवाखान्यातल्या बाळंतपणाचं बिल यात धरलेलं नाही, तो वेगळा हिशेब. बहिणीच्या बाळाचं पहिलं वर्ष असं झालं :

- बिनपगारी सहा आठवडे : ३१,०००
- बाळाच्या आजारपणात गेलेले दिवस : ६,०००
- पाळणाघर : ३६,०००
- लसी : ७,०००
- डायपर : १४,०००
- पावडरचं दूध : ५,५००
- कपडे, दुपटी, तेल, मच्छरदाणी, थर्मामीटर : ९,०००
- बाळ-बाळंतिणीला तेल लावणारी बाई, ४० दिवस, रोज २५० : १०,०००
- सर्दी-तापाचे दवाखाने : ४,०००
- बारसं, घरगुती : १२,०००
- एकूण : १,३४,५००

तेलवाल्या मावशींचे पैसे आमच्या आईने दिले, कारण पहिलं बाळंतपण माहेरी. तरी मी ते यादीत ठेवले आहेत. आपल्या खिशातून गेले नाहीत म्हणून खर्च नाहीसा होत नाही.

आता वरच्या तीन ओळी पाहा. त्यांची बेरीज ७३,०००, म्हणजे निम्म्याहून जास्त. ज्या लसींना दोघं घाबरले होते त्या ७,००० वर आल्या, आणि ज्या तीन गोष्टी यादीत नव्हत्याच त्यांनी वर्ष खाल्लं.

बाराने भागण्यातली चूकही इथे दिसते. बिनपगारी दीड महिन्यात घरात फक्त यजमानांचे ३६,००० आले. नेहमीचा खर्च ५७,००० आणि बाळाचे अडीच हजार. तूट २३,५००. शिवाय पाळणाघराचे सुरुवातीचे ३,००० त्याच वेळी. त्यांनी दोन वर्षं चालवलेली आरडी मोडली. पुढे पाळणाघर ५,५००, डायपर साधारण १,६०० आणि दूध ९०० मिळून महिन्याला ८,०००, म्हणजे शिल्लक बरोबर शून्य! त्यात बाळाला ताप येऊन दोन दिवस पगार कापला गेला की महिना उणे. एक वेळ अशी आली की तिने राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला होता. तो दिला नाही, कारण नोकरी सोडली तर ८,००० वाचतील पण २२,००० जातील, हे तिनेच कागदावर मांडून पाहिलं.

भरपगारी रजाच नसेल तर

रोजंदारी, घरकाम, शिकवण्या, शिवणकाम करणाऱ्या बायकांना यातलं काहीच मिळत नाही. त्यांच्या यादीची पहिली ओळ एकच : किती महिने कमाई शून्य? महिन्याला ९,००० कमावणारी बाई सहा महिने घरी राहिली तर ५४,००० रुपये जातात. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पात्र आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, ३,००० गरोदरपणाची नोंदणी आणि तपासणी झाल्यावर, २,००० बाळाची जन्मनोंद आणि चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० आहेत. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर महाराष्ट्राच्या लेक लाडकी योजनेत मुलीच्या जन्मानंतर ५,००० रुपये आहेत. अर्ज जरूर करा, अंगणवाडीताई मदत करतात. पण हे पैसे ५४,००० च्या जागी धरू नका. आणि कायद्याने भरपगारी रजा मिळणाऱ्या आईला मातृ वंदनाचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तिने ते जमेत लिहू नयेत.

जन्माची नोंद मात्र सगळ्यांनीच २१ दिवसांच्या आत करा, तेवढ्या मुदतीत ती मोफत होते. आरोग्य विमा असेल तर बाळ कोणत्या दिवसापासून धरलं जातं ते विचारा. अनेक पॉलिसींमध्ये पहिले ९० दिवस बाळ विम्यात नसतं. त्या तीन महिन्यांसाठी जमेल तेवढी रक्कम बाजूला ठेवा. ती खर्चात धरू नका, पण तिला हातही लावू नका.

मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. मला १८० दिवसांची भरपगारी रजा होती, तिला लागून मे महिन्याची सुट्टी आली आणि आई माझ्याकडेच राहत होती. माझ्या रेघेवर मोकळी जागा नव्हती, म्हणून बहिणीच्या रेघेवर ती असेल हे मला सुचलंच नाही. तुम्हीही दुसऱ्याच्या अनुभवावरून आकडा घेऊ नका, माझ्या बहिणीचासुद्धा नाही. रेघ तुमची काढा. आणि बाळ तीन महिन्यांचं झालं की तो कागद पुन्हा काढा. तोपर्यंत डायपर दिवसाला खरोखर किती लागतात ते कळलेलं असतं, आजी किती दिवस राहू शकते तेही कळलेलं असतं. रजा संपायला अजून काही आठवडे बाकी असतात आणि तेवढ्यात पाळणाघराशी, साहेबांशी किंवा म्हशी बघणाऱ्या गड्याशी बोलायला वेळ मिळतो.